कर्णाच्या दिशेने ताणलेले चित्र

शिक्षकांच्या एका शिबिरात भूमितीतील रूपांतरांवर बोलायला मी गेलो होतो. चहाच्या सुट्टीत आठवी-नववीला गणित शिकवणाऱ्या एका बाई आलेख कागदाची वही घेऊन आल्या. त्यांच्या वर्गातील मुले चेंडूच्या उड्यांची चित्रमालिका काढत होती. चेंडू तिरका वर जात असताना वेग दाखवायचा, म्हणून त्याचे चित्र जाण्याच्या दिशेने लांबट काढायचे होते. "सर, आडवे ताणायचे तर x ला दोनने गुणायचे, उभे ताणायचे तर y ला. हे मुलांना येते. पण तिरके ताणायचे तर कशाला गुणायचे? आणि तिरके ताणताना रुंदी मात्र होती तेवढीच राहिली पाहिजे."

मी घाईघाईत त्यांच्या वहीत एक सूत्र लिहून दिले. जेवणाच्या सुट्टीत बाई परत आल्या, त्या मोजपट्टी घेऊनच. माझे सूत्र चुकले होते. ते कसे चुकले आणि बरोबर सूत्र कसे बांधायचे, तेच या लेखात पाहू या. आलेख कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी जवळ घेऊन वाचल्यास अधिक बरे.

दोन चुकीचे प्रयत्न

आलेख कागदावर ४ सेंमी बाजूचा एक चौरस काढा. त्याचे कोपरे (०, ०), (४, ०), (४, ४) आणि (०, ४) असे घ्या. आपल्याला तो (०, ०) ते (४, ४) या कर्णाच्या दिशेने दुप्पट ताणायचा आहे. दुसरा कर्ण, म्हणजे (०, ४) ते (४, ०), पहिल्याला लंब आहे. त्याची लांबी बदलता कामा नये. दोन्ही कर्ण आज सारखेच, सुमारे ५.६६ सेंमी आहेत. ताणल्यानंतर पहिला ११.३१ सेंमी व्हावा आणि दुसरा ५.६६ सेंमीच राहावा, एवढी साधी आपली मागणी आहे.

मुलांना प्रथम सुचते ते असे: कर्ण आडवाही आहे आणि उभाही आहे, तेव्हा x आणि y दोघांनाही दोनने गुणावे. करून पाहा. पहिला कर्ण खरोखरच दुप्पट होतो, पण दुसराही दुप्पट होतो. मिळतो तो ८ सेंमी बाजूचा चौरस. चित्र मोठे झाले, ताणले गेले नाही.

मी वहीत लिहिलेले सूत्र दुसरे होते:

नवा x = x + y
नवा y = y

यात (४, ४) हा कोपरा (८, ४) वर जातो आणि (०, ४) हा (४, ४) वर जातो. चौरस उजवीकडे कलतो आणि चित्र तिरके ताणल्यासारखे दिसते. मी फसलो तो इथेच. प्रत्यक्षात हे ताणणे नसून सरकवणे आहे. पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवून वरचा पत्ता एका बाजूला ढकलला की प्रत्येक पत्ता खालच्यापेक्षा थोडा पुढे जातो, तसे. बाईंनी मोजपट्टी लावली तेव्हा पहिला कर्ण ११.३१ ऐवजी ८.९४ सेंमी भरला. शिवाय तो ४५ अंशांवर न राहता २६.६ अंशांवर आला होता. दुसरा कर्ण तर ५.६६ वरून ४ सेंमीवर आला होता. तीनही बाबी चुकीच्या! आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. चौरसाचे क्षेत्रफळ १६ चौसेंमीच राहिले होते. एका दिशेने दुप्पट ताणून लंब दिशा तशीच ठेवली, तर क्षेत्रफळही दुप्पट व्हायला हवे.

चुकीचे सूत्र कसे ओळखायचे, ते यावरून कळते. चित्र डोळ्यांना कसे दिसते यावर विसंबू नये. दोन कर्ण मोजावेत, पहिल्याची दिशा पाहावी आणि क्षेत्रफळ काढावे.

बिंदूचे दोन भाग

आता बरोबर सूत्र बांधू. आडवे ताणताना काम सोपे का होते? कारण बिंदूचे निर्देशक x आणि y असे आधीच दोन भागांत लिहिलेले असतात. एक भाग ताणण्याच्या दिशेतला आणि दुसरा तिला लंब दिशेतला. पहिल्याला गुणायचे, दुसऱ्याला हात लावायचा नाही. तिरके ताणतानाही हेच करायचे आहे. फक्त बिंदूचे भाग आडवे-उभे न पाडता कर्णांच्या दिशांनी पाडायचे.

कर्णाची दिशा म्हणजे एक घर उजवीकडे आणि एक घर वर, (१, १). लंब दिशा म्हणजे एक घर उजवीकडे आणि एक घर खाली, (१, −१). कोणत्याही बिंदूपर्यंत आपण आधी पहिल्या दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने चालून जाऊ शकतो. पहिल्या दिशेने स पावले आणि दुसऱ्या दिशेने द पावले चाललो, तर उजवीकडे एकूण स + द घरे गेलो आणि वर स − द घरे. म्हणजे

x = स + द
y = स − द

ही मुलांच्या ओळखीची समीकरणे आहेत. बेरीज आणि वजाबाकी केली की उत्तर मिळते:

स = (x + y) / २
द = (x − y) / २

आता कर्णाच्या दिशेची पावले दुप्पट करा, दुसरी तशीच ठेवा. नवा x होईल २स + द आणि नवा y होईल २स − द. स आणि द यांच्या किमती घालून पाहा:

नवा x = १.५x + ०.५y
नवा y = ०.५x + १.५y

हे आपले सूत्र. ते त्रिकोणमितीशिवाय मिळाले, ही वर्गाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. महाविद्यालयातील पुस्तकांत हेच काम तीन टप्प्यांत केलेले आढळते: चित्र ४५ अंशांनी फिरवून कर्ण आडवा करायचा, आडवा ताण द्यायचा आणि चित्र उलट फिरवून जागेवर आणायचे. उत्तर तेच येते. मात्र तिसरा टप्पा विसरला, तर चित्र ताणलेले पण फिरलेले मिळते.

मागणीवरून सूत्र

याच सूत्राकडे दुसऱ्या बाजूने पाहिले, तर ते बनवण्याची रीत हाती येते. समजा सूत्र असे आहे:

नवा x = अx + बy
नवा y = बx + अy

x आणि y यांची अदलाबदल केली तरी या सूत्राचे रूप बदलत नाही. ४५ अंशांचा कर्ण या दोघांना सारखेच वागवतो, म्हणून हे रूप साहजिक आहे. आता दोन मागण्या लिहा. कर्णावरील (१, १) हा बिंदू (क, क) वर जावा, म्हणजे क पट ताणला जावा; त्यासाठी अ + ब = क हवे. लंब रेषेवरील (१, −१) हा बिंदू हलू नये; त्यासाठी अ − ब = १ हवे. मागण्या दोन आणि अज्ञात संख्याही दोन. म्हणून सूत्र एकच आणि पक्के.

क = २ असेल तर अ = १.५, ब = ०.५. क = ३ असेल तर अ = २, ब = १, म्हणजे नवा x = २x + y आणि नवा y = x + २y. अपूर्णांक नको असतील तर वर्गात तिप्पट ताण घ्यावा. क = १ घातल्यास अ = १, ब = ० मिळते आणि चित्र जसेच्या तसे राहते. सूत्र तपासायची ही सर्वांत स्वस्त कसोटी.

माझ्या चुकलेल्या सूत्राला याच कसोट्या लावा. तिथे (१, १) हा (२, १) वर जातो, म्हणजे दिशाच सुटते. (१, −१) हा (०, −१) वर जातो, म्हणजे हलतो. मोजपट्टीशिवाय, दोन बिंदूंतच चूक सापडली असती. सूत्र लिहून देण्याआधी मी हे दोन बिंदू घालून पाहिले नव्हते, एवढाच माझा दोष. पण तेवढा पुरला.

एक घर ताणून पाहू

आता आपल्या चौरसावर छप्पर चढवू. छपराचे टोक (२, ६) वर घ्या. क = २ चे सूत्र वापरले तर (०, ०) जागेवर राहतो, (४, ०) जातो (६, २) वर, (४, ४) जातो (८, ८) वर, (०, ४) जातो (२, ६) वर आणि छपराचे टोक (६, १०) वर.

बिंदू जोडून पाहा. चौरसाच्या जागी समभुज चौकोन दिसेल. त्याच्या कर्णांची लांबी ११.३१ आणि ५.६६ सेंमी भरेल. घराचे मूळ क्षेत्रफळ चौरसाचे १६ आणि छपराचे ४ मिळून २० चौसेंमी होते. नव्या आकृतीचे ४० भरेल. तीनही कसोट्या उतरल्या.

काटकोन मात्र राहिले नाहीत. समभुज चौकोनाचा लघुकोन सुमारे ५३ अंशांचा आहे. त्याचे कारण सोपे आहे. मूळ चौरसाची बाजू कर्णाशी ४५ अंश करते, म्हणजे कर्णाच्या दिशेने जेवढे जावे तेवढेच लंब दिशेने सरकते. ताणल्यावर कर्णाच्या दिशेचे अंतर दुप्पट झाले, लंब दिशेचे तेवढेच राहिले. म्हणून चढ निम्मा झाला आणि कोन सुमारे २६.६ अंशांवर आला. दोन बाजूंचे मिळून ५३ अंश. कर्णाला समांतर किंवा लंब असलेल्या रेषांची दिशा तेवढी टिकते. बाकी सर्व रेषा कर्णाकडे झुकतात.

इथे मुले हमखास एक शंका काढतात: "लंब दिशा बदलायची नाही म्हणालात, मग (०, ४) हा कोपरा (२, ६) वर का गेला?" शंका रास्त आहे. बदलत नाही ते लंब दिशेतले अंतर. जागेवर राहतात ते फक्त (०, ०) मधून जाणाऱ्या लंब रेषेवरचे बिंदू. आपले घर या रेषेच्या एका बाजूला आहे, म्हणून कोपऱ्याचा एक बिंदू सोडून सगळे घर पुढे सरकले. दुसरा कर्ण लांबीला तेवढाच राहिला, पण जागेवरून हलला.

चौरस आपल्या मध्यापासून ताणायचा असेल, तर निर्देशक मध्यापासून, म्हणजे (२, २) पासून मोजायचे, सूत्र लावायचे आणि परत २ मिळवायचे. मग सूत्र होते:

नवा x = १.५x + ०.५y − २
नवा y = ०.५x + १.५y − २

आता (०, ४) आणि (४, ०) हे दोन्ही कोपरे जागचे हलत नाहीत. (०, ०) जातो (−२, −२) वर आणि (४, ४) जातो (६, ६) वर. चौरसाची दोन टोके धरून ओढावी तसे हे दिसते. आकार पहिल्याच समभुज चौकोनाचा आहे, जागा फक्त वेगळी. सूत्र कोणते बिंदू स्थिर ठेवते, हे चित्राच्या मध्यावर नव्हे तर आपण आरंभबिंदू कुठे धरला त्यावर ठरते.

आयताचा सापळा

चित्र चौरस नसून आयत असेल तर? समजा चित्र ८ सेंमी रुंद आणि ६ सेंमी उंच आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून निघणाऱ्या त्याच्या कर्णाची दिशा (४, ३) आहे, ४५ अंशांची नाही. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिली चूक म्हणजे ४५ अंशांचेच सूत्र वापरणे. त्याने (४, ३) हा बिंदू (७.५, ६.५) वर जातो. तो कर्णाच्या रेषेवर राहत नाही, कारण ७.५ आणि ६.५ यांचे गुणोत्तर ४ : ३ नाही. दुसरी चूक अधिक छुपी आहे. चौरसात दुसरा कर्ण पहिल्याला लंब असतो, म्हणून आयतातही दुसरा कर्ण स्थिर राहील असे आपण गृहीत धरतो. पण आयताचे कर्ण काटकोनात छेदत नाहीत. (४, ३) ला लंब दिशा (−३, ४) आहे, आणि ती आयताच्या कोपऱ्यातून जात नाही.

या दिशेसाठी सूत्र कसे काढायचे? बिंदूचा कर्णाच्या दिशेतला भाग शोधायचा आणि तेवढाच आणखी मिळवायचा, म्हणजे तो दुप्पट होईल. हा भाग म = (४x + ३y) / २५ या संख्येने मिळतो. कर्णाच्या दिशेतला भाग म्हणजे (४म, ३म). इथे २५ आले ते ४ आणि ३ यांच्या वर्गांच्या बेरजेतून. म्हणून

नवा x = x + ४म = १.६४x + ०.४८y
नवा y = y + ३म = ०.४८x + १.३६y

तपासून पाहा. (४, ३) घातल्यास म = १ आणि बिंदू (८, ६) वर जातो. (−३, ४) घातल्यास म = ० आणि बिंदू हलत नाही. दुसऱ्या कर्णाची दिशा (४, −३) घातली, तर तो (५.१२, −२.१६) वर जातो, म्हणजे हलतो आणि लांबतोही. सूत्र बरोबर आहे, आपली अपेक्षा चुकीची होती. तिप्पट ताण हवा असेल तर ४म ऐवजी ८म आणि ३म ऐवजी ६म मिळवा. कोणतीही दिशा घेतली तरी पहिल्या ओळीत y चा आणि दुसऱ्या ओळीत x चा गुणक सारखाच येतो, इथे ०.४८. तो सारखा नसेल तर कुठेतरी चूक आहे हे नक्की. माझ्या शिबिरातल्या सूत्रात ते गुणक १ आणि ० होते.

संगणकावर करताना

शाळेत संगणक असेल तर हाच प्रयोग पडद्यावर करता येतो. खालचा मजकूर कोणत्याही साध्या लेखन-प्रणालीत टंकून `ball.svg` या नावाने साठवा आणि ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा.

```
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg" viewBox="0 0 400 400">
  <g transform="translate(200 200) matrix(1.5 -0.5 -0.5 1.5 0 0)">
    <circle r="60" fill="none" stroke="black"/>
  </g>
</svg>
```

वर्तुळाचे लंबवर्तुळ झालेले दिसेल. त्याचा लांब अक्ष डावीकडून उजवीकडे वर जाणारा आणि आखूड अक्षाच्या बरोबर दुप्पट असेल. इथे ०.५ ऐवजी −०.५ का? आलेख कागदावर y वरच्या दिशेने वाढतो, पडद्यावर तो खालच्या दिशेने वाढतो. आपले सूत्र जसेच्या तसे टंकले, तर चित्र खाली उजवीकडे जाणाऱ्या कर्णाच्या दिशेने ताणले जाते. चिन्हे बदलली की दिशा बदलते. नव्या माणसाची पहिली चूक बहुधा हीच असते. रेषेकडेही नीट पाहा. लांब टोकांपाशी ती जाड दिसेल, कारण वर्तुळाबरोबर रेषेची जाडीही ताणली गेली.

रेषाचित्राऐवजी छायाचित्र ताणायचे असेल तर वेगळीच अडचण येते. छायाचित्र म्हणजे रंगांच्या चौकटींचे जाळे. जुन्या चित्रातील प्रत्येक चौकट घेऊन तिचा रंग नव्या जागी ठेवत गेलो, तर नव्या चित्रात भोके पडतात. तिप्पट ताणाच्या सूत्रात हे स्पष्ट दिसते. नवा x आणि नवा y यांची बेरीज (२x + y) + (x + २y), म्हणजे ३(x + y) होते. जिथे दोन निर्देशकांच्या बेरजेला ३ ने भाग जातो, तेवढ्याच चौकटी भरतात. तीनपैकी दोन रिकाम्या राहतात आणि चित्रावर तिरके पट्टे उमटतात. सूत्र चुकलेले नसते, काम उलट्या बाजूने करायचे असते.

म्हणून नव्या चित्राची प्रत्येक चौकट घ्यावी आणि "हा बिंदू जुन्या चित्रात कुठे होता?" असे विचारावे. दुप्पट ताणासाठी उलटे सूत्र मिळवायचे तर तीच रीत वापरायची, फक्त क च्या जागी १/२ घालायचे. अ + ब = ०.५ आणि अ − ब = १, म्हणजे अ = ०.७५ आणि ब = −०.२५:

जुना x = ०.७५ × नवा x − ०.२५ × नवा y
जुना y = −०.२५ × नवा x + ०.७५ × नवा y

उत्तर बहुतेक वेळा अपूर्णांकात येते. तेव्हा सर्वांत जवळच्या चौकटीचा रंग घ्यावा, किंवा भोवतालच्या चार चौकटींच्या रंगांचे अंतराच्या प्रमाणात मिश्रण करावे. पहिल्या पद्धतीत तिरक्या कडा दातेरी दिसतात, दुसरीत थोड्या पुसट. भोके मात्र दोन्हींत पडत नाहीत.

रबर असे ताणत नाही

एक मर्यादा सांगायला हवी. रबराची पट्टी ओढली की ती लांब होते आणि अरुंदही होते. चौकटीचा सुती कपडा कोपऱ्यांना धरून तिरका ओढला, तर दुसरा कर्ण स्पष्टपणे आखडतो. आपल्या सूत्रात लंब दिशा अजिबात बदलत नाही आणि क्षेत्रफळ वाढते. म्हणून कापडाच्या किंवा रबराच्या ताणाचे हे वर्णन नव्हे. क्षेत्रफळ तेवढेच ठेवून चेंडू लांबवायचा असेल, तर लंब दिशेतली पावले निम्मी करायला हवीत. मग दुसरी मागणी अ − ब = १ ऐवजी अ − ब = १/२ होईल. पहिली मागणी अ + ब = २ आहेच. अ = १.२५ आणि ब = ०.७५.

शिबिराच्या शेवटी बाईंना मी हेच दाखवले. त्यांच्या मुलांनी पुढे दोन्ही सूत्रांनी चेंडू काढून शेजारी शेजारी लावले. रुंदी न बदललेला चेंडू मुलांना फुगल्यासारखा वाटला आणि चित्रमालिकेसाठी त्यांनी दुसरा निवडला. आपल्या वर्गात हा प्रयोग केलात, तर आधी मुलांना दोन मागण्या शब्दांत लिहायला सांगा: ताणण्याच्या दिशेचे काय व्हावे, आणि लंब दिशेचे काय व्हावे. सूत्र त्यानंतर, आणि मोजपट्टी सर्वांत शेवटी.